भिंतीवरची रेघ आणि तळ्यावरचा बर्फ

कोल्हापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात, जिन्याखालच्या भिंतीवर पेन्सिलीच्या तीन रेघा आहेत. सगळ्यात खालची २००५ च्या पुराची, पायरीच्या जरा वर. तिच्या बऱ्याच वर २०१९ ची आणि तिच्या डोक्यावर चार बोटं २०२१ ची. तिन्ही आण्णांनी ओढलेल्या, पट्टी धरून, बाजूला तारीख घालून. आण्णा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते, व्हर्निअर खिशात घेऊन फिरणारा माणूस, आजसुद्धा बाजारातून पाइप आणला की आधी मोजून बघतात मग पैसे देतात.

मला लिहायचंय एका पोलिश फिल्मबद्दल, पण ती फिल्म मला खरी कळली ती या रेघांमुळं, म्हणून आधी हे सांगितलं.

फिल्म म्हणजे खरं तर सिरीज आहे. दिग्दर्शक किश्लोव्स्कीची 'डेकालॉग'. पोलंडच्या टीव्हीसाठी केलेली, १९८८-८९ ची, साधारण तासाभराचे दहा भाग. बायबलमधल्या दहा आज्ञांवर एकेक भाग, सगळे वॉर्सामधल्या एकाच हाउसिंग कॉलनीत घडतात, त्याच करड्या उंच बिल्डिंगी, तेच जिने, आणि एका भागातला माणूस दुसऱ्या भागात लिफ्टमध्ये उभा दिसतो. किश्लोव्स्कीबरोबर ती लिहिली क्शिश्तोफ पियेसेविच यानं, आणि हा पेशानं वकील. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण या गोष्टींमध्ये प्रवचन कमी आहे आणि उलटतपासणी जास्त आहे. कोण काय म्हणालं, कुणी काय बघितलं, कुठली वस्तू कुठं होती, हे सगळं नीट मांडून ठेवलेलं असतं, निकाल मात्र कुणी देत नाही. भागांना नावंसुद्धा नाहीत, नुसते आकडे. डेकालॉग एक, डेकालॉग दोन. कुठली आज्ञा ते आपणच जुळवायचं.

मी आज फक्त पहिल्या भागाबद्दल बोलणार आहे, थोडं दुसऱ्याबद्दल. आणि पुढं काय होतं ते सगळं सांगणार आहे, त्याशिवाय बोलताच येत नाही. ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथंच थांबून बघून या, तासाभराचा आहे.

एक बाप आहे, युनिव्हर्सिटीत शिकवतो, आणि त्याचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा, पावेल. आई परदेशात आहे. घरात कॉम्प्युटर आहे, त्या काळातला, हिरव्या अक्षरांचा, आणि बापलेक दोघंही त्यात रमलेले. पोरगं इतकं हुशार की त्यानं प्रोग्रॅम लिहून घरातले नळ आणि दाराचं कुलूप कॉम्प्युटरवरून चालवलेत. बाप देव मानत नाही, पण कडवट नाही, चेष्टा करत नाही, पोराला जेवू घालतो, त्याच्याबरोबर बुद्धिबळ खेळतो. आणि एक आत्या आहे, इरेना, ती श्रद्धाळू. ती पोराला चर्चमधल्या वर्गाला घालायचं म्हणते आणि बाप नाही म्हणत नाही.

सकाळी पावेलला बाहेर एक मेलेलं कुत्रं दिसतं. घरी येऊन तो बापाला विचारतो, मरणं म्हणजे काय? बाप सांगतो, हृदय रक्त ढकलायचं थांबतं, मेंदूला रक्त पोचत नाही, संपतं सगळं. मग काय उरतं? माणसानं जे केलं ते, आणि त्याची आठवण, असं काहीतरी बाप म्हणतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळतं की हे उत्तर त्यालाही पुरेसं वाटत नाहीये. नंतर आत्याकडं पोरगं विचारतं, देव कोण आहे? ती त्याला छातीशी धरते आणि विचारते, आता तुला काय जाणवतंय? तो म्हणतो, मला तू आवडतेस. ती म्हणते, बरोबर, तो यातच आहे. एवढंच. पुढं वाद नाही की चर्चा नाही.

आता मुख्य भाग. थंडी कडक आहे, बिल्डिंगीजवळचं तळं गोठलंय. पावेलला स्केट्स मिळालेत, म्हणजे ख्रिसमसची भेट म्हणून लपवून ठेवलेले त्यानं आधीच हुडकून काढलेत. त्याला बर्फावर जायचंय. बाप नुसतं हो किंवा नाही म्हणत नाही. पोराला हवामान खात्याला फोन करायला लावतो, मागच्या तीन दिवसांचं तापमान घेतात, कॉम्प्युटरमध्ये घालतात, आणि उत्तर येतं की बर्फ पावेलच्या तिप्पट वजनाच्या माणसालाही पेलेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाप टेबलावर काम करत बसलाय. समोरच्या कागदावर अचानक एक डाग पसरायला लागतो. शाईची बाटली तडकलीय, आपोआप, कुणी हात लावलेला नाही. कॅमेरा त्या डागाजवळ थांबतो, निळी शाई कागदात भिनत जाते आणि बाहेर सायरन ऐकू येतात. बाप उठून हात धुतो. दारावर एक लहान पोरगी येते, पावेल आहे का घरात म्हणून विचारते. तो आहे इंग्लिशच्या क्लासला. म्हणजे असायला पाहिजे. मग कळतं की बाई आजारी असल्यामुळं क्लास झालाच नाही. कुणीतरी सांगतं, तळ्यावरचा बर्फ फुटलाय. बाप म्हणतो, शक्यच नाही.

हा सगळा तुकडा मला भारतातल्या काय आणि बाहेरच्या काय, कुठल्याच सिनेमात इतका नेमका दिसलेला नाही. बाप पळत नाही. हे नीट बघा. तो जिना उतरतो, चढतो, वॉकीटॉकीवर पोराला हाक मारतो, दुसऱ्यांच्या घरी विचारतो, पण पळत नाही, कारण पळायला लागला तर मान्य केल्यासारखं होईल. ज्याच्या घरातलं कुणी वेळेत परत आलेलं नाही त्या प्रत्येकाला हे चालणं माहीत असतं.

पुढं तळ्याकाठी गर्दी, अंधार, बर्फातून पोरांना बाहेर काढतात आणि गर्दीतली माणसं गुडघ्यावर बसतात. बाप उभाच.

हा भाग मी पहिल्यांदा बघितला तो पुण्यात कॉलेजला असताना, रूमवर, मित्राच्या लॅपटॉपवर, आणि मला राग आला होता. मला वाटलं, हे तर सरळ सरळ कीर्तन झालं की. कॉम्प्युटरला देव मानलास ना, घे मग शिक्षा. पहिली आज्ञा म्हणजे माझ्याशिवाय दुसरा देव मानू नकोस, ती मोडली, पोरगं गेलं. असा कसला देव, जो बापाच्या हिशोबाची किंमत पोराकडून वसूल करतो? मी तेव्हा मित्राशी भांडलो पण होतो यावरनं. नंतर बघितलं की पुष्कळ जण या भागाचा अर्थ असाच लावतात, काही जण खूश होऊन लावतात आणि काही जण चिडून.

मग २०१९ चा ऑगस्ट आला.

कोल्हापुरातल्या माणसाला सांगायची गरज नाही पण बाहेरच्यांसाठी सांगतो. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पावसाळ्यात आमच्याकडं सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न चहाचा नसतो, किती झालं हा असतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, त्यातनं किती क्युसेक सुटलंय, अलमट्टीतनं किती सोडायलेत, हे सगळं पानाच्या टपरीवरच्या माणसालाही तोंडपाठ असतं.

आण्णांकडं २००५ ची रेघ होती. तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होतं आणि आमच्या पायरीवर किती आलं होतं हे त्यांनी वहीत लिहून ठेवलेलं. त्यावरनं त्यांनी हिशोब मांडला. नदी वर चढली की पाणी आडवं पसरतं, त्यामुळं तिकडं एक फूट वाढलं तर इकडं एक फूट वाढत नाही, कमी वाढतं, असं त्यांनी २००५ च्या तीन दिवसांच्या नोंदींवरनं काढलं होतं, आणि ते बरोबर होतं, मी स्वतः ती वही बघितलीय. त्यावरनं उत्तर आलं की कितीही झालं तरी घरात गुडघ्याच्या वर पाणी येणार नाही. तरी त्यांनी वरनं एक फूट धरला, सेफ्टीला. सगळं सामान आम्ही कॉटच्या आणि टेबलाच्या उंचीवर ठेवलं. टेबलावर आज्जीची पत्र्याची ट्रंक, त्यात तिच्या पोथ्या, लग्नाचे फोटो आणि तुकोबांची गाथा, लाल कापडात बांधलेली.

आई दुपारी पाण्याच्या कडेला जाऊन नदीची ओटी भरून आली. खण, नारळ, मूठभर तांदूळ. आण्णा काही बोलले नाहीत. ते कधीच बोलत नाहीत त्यावर.

त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही रात्री बोटीतनं बाहेर पडलो. आठवड्यानं परत आलो तेव्हा घरात कंबरभर चढून गेल्याची खूण होती, चिखल होता, आणि टेबल उलटं होऊन दारात अडकलं होतं. ट्रंक उघडली तर आत कागदाचा एक गोळा. पानं वेगळी करायला गेलो की बोटाला लगदा यायचा. आईनं तो गोळा पाटावर ठेवला आणि तीन दिवस पंख्याखाली वाळवला. वाळला, पण पुस्तक झालं नाही परत. आण्णा त्या दिवशी वही घेऊन जिन्यावर बसले होते. हिशोब पुन्हा तपासत होते. चूक सापडत नव्हती. २००५ च्या आकड्यांवरनं जे निघायला पाहिजे तेच निघत होतं.

त्याच दिवाळीनंतर मी पहिला भाग परत बघितला, आणि यावेळी मला त्यात एक सीन दिसला जो पहिल्यांदा माझ्या डोळ्यासमोरनं गेलेला पण डोक्यात शिरला नव्हता. हिशोब झाल्यावर, रात्री, पोरगं झोपायला गेल्यावर, बाप एकटा तळ्यावर जातो. स्वतः बर्फावर उतरतो, स्वतःचं वजन टाकून बघतो. बर्फ हलतसुद्धा नाही. काठावर एक माणूस शेकोटीजवळ बसलेला असतो, तो बापाकडं बघतो, बाप त्याच्याकडं बघतो, आणि बाप घरी येतो.

म्हणजे तो कॉम्प्युटरवर आंधळेपणानं विसंबलेला नाहीच. त्यानं आकडे घेतले, हिशोब केला, आणि मग स्वतःच्या पायानं तपासलं. एखाद्या काळजीवाल्या बापानं यापेक्षा जास्त काय करायचं असतं? मूर्तीपूजेची शिक्षा असं जे आपण पटकन म्हणतो ते या एका सीनवर अडतं. किश्लोव्स्कीला तसलं प्रवचन द्यायचं असतं तर त्यानं हा सीन घातलाच नसता, उलट बापाला जरा गर्विष्ठ केला असता, आत्याची चेष्टा करायला लावली असती. त्यानं बापाला निर्दोष ठेवलाय, जाणूनबुजून. आणि बर्फ का फुटला ते फिल्म सांगत नाही. कारण असेलच काहीतरी, बर्फाला फुटायला कारण लागतंच, पण ते आपल्या हातात दिलेलं नाही. बापाच्याही नाही.

श्रद्धेवरच्या सिनेमात नेमकं काय बघायचं हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. कोण काय बोलतं ते बाजूला ठेवायचं. दिग्दर्शक पुरावा कुणाच्या बाजूला ठेवतो ते बघायचं. नास्तिक माणूस मूर्ख किंवा माजोरी दाखवला असेल, किंवा श्रद्धाळू बाई अडाणी दाखवली असेल, तर समजायचं की निकाल आधीच ठरलाय आणि आपल्याला नुसतं टाळ्या वाजवायला बोलावलंय. इथं दोन्ही बाजूंची माणसं शहाणी आहेत, एकमेकांवर जीव लावून आहेत, आणि दोघांनाही पोरगं वाचवता येत नाही. आत्यालासुद्धा नाही, तिच्या देवालासुद्धा नाही. हे लोक विसरतात. फिल्मच्या सुरुवातीलाच ती रस्त्यात उभी राहून एका दुकानातल्या टीव्हीकडं बघत रडत असते, टीव्हीवर पावेल पळत येताना दिसत असतो, शाळेत आलेल्या टीव्हीवाल्यांनी काढलेलं शूटिंग. आपल्याला तेव्हा कळत नाही ती का रडतेय. शेवटी कळतं.

शेकोटीजवळचा माणूस कोण हा प्रश्न सगळे विचारतात. तो बहुतेक भागांमध्ये कुठंतरी दिसतो, कधी मजूर, कधी आणखी कोण, बोलत काहीच नाही, करत काहीच नाही, नुसतं बघतो. कुणी त्याला देवदूत म्हणतं. मला विचाराल तर त्याच्यावर फार वेळ घालवू नये. किश्लोव्स्कीनंही त्याचा उलगडा केलेला नाही, आणि त्यातला त्रास हाच आहे की तो बघतो आणि थांबवत नाही.

आता पहिल्या भागाच्या शेवटाकडं येणाऱ्या मेणाबद्दल. पोराला काढल्यावर बाप घरी येतो तर अंधारात कॉम्प्युटर आपोआप सुरू झालेला असतो, पडद्यावर त्याचं नेहमीचं वाक्य, मी तयार आहे अशा अर्थाचं. आधी एका सीनमध्ये पोरानं त्याला विचारलेलं असतं, आई आत्ता कसलं स्वप्न बघत असेल, तर त्यानं माहीत नाही असं उत्तर दिलेलं. मग बाप जवळच्या अर्धवट बांधलेल्या चर्चमध्ये जातो आणि तिथली वेदी, म्हणजे फळ्या लावून तात्पुरती उभी केलेली, ती उलथून टाकतो. वरच्या मेणबत्त्या कलंडतात आणि वितळलेलं मेण मेरीच्या चित्रावर पडतं, गालावरून ओघळतं, अश्रू आल्यासारखं. ते मेण आहे हे आपल्याला दिसत असतं. मेणबत्ती कलंडलेली आपणच बघितलेली असते. कुणी चमत्कार झाला म्हणून सांगत नाही आणि संगीतही वर चढत नाही. एकाच चौकटीत कारणही आहे आणि रडणारी आईही आहे, तुम्ही कुठलंही एक पुसून टाकू शकत नाही. त्यानंतर बाप चर्चमधल्या पवित्र पाण्याच्या भांड्यात हात घालतो तर ते पाणी गोठलेलं असतं. तो त्या बर्फाची चकती उचलतो आणि कपाळावर दाबून धरतो.

ज्या बर्फानं पोरगं नेलं तोच बर्फ. मी तो सीन बघताना उठून जाऊन नळ बंद केला होता, नळ बंदच होता.

आता यापुढं मला आपल्या मातीतली एक फिल्म ठेवायचीय, कारण पाण्याचा प्रश्न तिथंही आहे. प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६. प्रभात कंपनी सुरू झाली ती आमच्या कोल्हापुरात, १९२९ मध्ये, नंतर १९३३ मध्ये पुण्याला गेली. 'संत तुकाराम'चे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, दोघंही इथंच, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. १९३७ मध्ये ही फिल्म व्हेनिसच्या महोत्सवात गाजली. ही माहिती आमच्याकडं सगळ्यांना असते, पण फिल्म किती जणांनी नीट बघितलीय कोण जाणे.

त्यात तुकोबांना वह्या इंद्रायणीत बुडवायला लावतात, ते काठावर तेरा दिवस बसून राहतात, आणि वह्या परत मिळतात. दामले-फत्तेलाल हे सरळ दाखवतात. देव येतो, वह्या देतो, संपलं. मेणासारखं दोन्हीकडून बघायची सोय नाही. आता माझ्यासारख्या माणसानं, ज्यानं टेबलावरची गाथा लगदा झालेली हातात धरलीय, त्यानं हा सीन कसा बघायचा? मला वाटलं होतं की आता तो बघवणार नाही. पण बघितला, आणि चालला, आणि मग का चालला याचा मी पुष्कळ विचार केला.

चालला तो आवलीमुळं. जिजाई, तुकोबांची बायको, गौरी नावाच्या नटीनं केलीय. या बाईचा देवाशी उघड हिशोब आहे. पोरांच्या पोटाला काय घालायचं, ज्वारी कुठाय, पोरगं आजारी आहे त्याचं काय. ती आजारी पोराला ओढत देवळात नेते आणि हातात जोडा घेऊन विठोबासमोर उभी राहते, मारायला. पोरगं बरं होतं, तरी तिचा सूर काही बदलत नाही. शेवटी तुकोबा वैकुंठाला चल म्हणतात, तर तिला घरचं काम आहे, पोरं आहेत, ती जात नाही. विमान वर जातं आणि ती खाली राहते. फिल्ममधले कितीतरी चमत्कार या बाईच्या नजरेसमोर घडतात, आणि तिच्यासमोर खोटं चालत नाही. पागनीसांचे तुकोबा शांत, डोळे मिटलेले, आणि शेजारी ही बाई डोळे उघडे ठेवून. किश्लोव्स्कीनं बाप आणि आत्या दोघांना समोरासमोर ठेवलंय तसंच हे, फक्त पन्नासएक वर्षं आधी आणि नवऱ्याबायकोत.

आज्जी 'आधी बीज एकले' म्हणायची, रोज सकाळी, तुकोबांचा अभंग म्हणून. तो तुकोबांचा नाही, शांताराम आठवले यांनी या फिल्मसाठी लिहिलाय. मी शाळेत असताना तिला मोठ्या ऐटीत हे सांगितलं. ती दळण निवडत होती, वर न बघता म्हणाली, "मग काय झालं, त्यो बी तुक्याच झाला असंल त्या येळेला." तेव्हा मला वाटलं तिला मुद्दा कळला नाही. ट्रंकेतली गाथा गेली पण हा एक अभंग, जो गाथेत नव्हताच, तो आमच्या घरात अजून आहे, आई म्हणते.

दुसऱ्या भागाबद्दल थोडं. तिथं त्याच कॉलनीतला एक म्हातारा डॉक्टर आहे आणि त्याच्या पेशंटची बायको त्याच्या मागं लागलीय, माझा नवरा जगणार की नाही ते सांगा. ती गरोदर आहे, मूल नवऱ्याचं नाही. नवरा जगणार असेल तर ती मूल ठेवणार नाही. डॉक्टर म्हणतो, मला माहीत नाही, मी खूप वेळा बघितलंय, जगणार म्हटलेली गेलीत आणि जाणार म्हटलेली जगलीत. ती ऐकत नाही. शेवटी तो शपथेवर सांगतो, तो मरणार. मूल राहतं. आणि नवरा बरा होतो. मला हे दोन भाग एकापाठोपाठ ठेवण्यात फार अर्थ दिसतो. पहिल्यात हिशोब बरोबर आणि पोरगं जातं, दुसऱ्यात भाकीत चुकतं आणि दोन जीव राहतात. पहिला एकटाच बघितला तर माणूस खचतो किंवा चिडतो, म्हणून मी सगळ्यांना सांगतो की निदान दुसरा बघितल्याशिवाय मत बनवू नका. पण एका रात्रीत मात्र बघू नका दोन्ही. एक बघायचा, झोपायचं, दुसऱ्या दिवशी कामाला जायचं आणि रात्री दुसरा.

२०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, आधीच्यापेक्षा वर. यावेळी आण्णांनी हिशोब केला नाही, सगळं माडीवर नेलं, कपाटं रिकामी केली. आईनं ओटी भरली. तिसरी रेघ ओढताना आण्णांचा हात थोडा हलला, ती बाकीच्या दोन्हींसारखी सरळ नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी लाइट नव्हती म्हणून आम्ही तिघं माडीवर बसलो होतो, लाइट आल्यावर मी टीव्हीवर पहिला भाग लावला. सबटायटल इंग्लिशमध्ये, मी मध्येमध्ये मराठीत सांगत होतो. आईनं पावेल आत्याच्या कुशीत जातो तिथंच पदर डोळ्याला लावला, तिला तेव्हाच कळलं होतं काय होणार ते. आण्णा काही बोलले नाहीत शेवटपर्यंत. फिल्म संपते तेव्हा टीव्हीवरचा पावेल परत दिसतो, पळत येतो आणि चित्र तिथंच अडकतं.

थोड्या वेळानं आण्णा म्हणाले, "त्यानं रात्री जाऊन बघितलं होतं की."

मी म्हटलं, हो.

"मधोमध गेला होता का काठाकाठानं?"

मला सांगता आलं नाही. मग मी मागं नेलं, तो सीन परत लावला. आण्णा खुर्ची पुढं ओढून पडद्याजवळ गेले. आई चहा ठेवायला उठली होती ती दारातच थांबली.